पॅसेजच्या टोकाची आठ फूट जागा

जानेवारीत आमच्या सोसायटीत आगीच्या यंत्रणेची तपासणी करायला माणूस आला. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. पंप सुरू करून पाहिला, होज रील ओढून पाहिली, मग तो एकेक मजला पायी उतरत खाली आला. तिसऱ्या मजल्यावर थांबला आणि मला, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला, त्यानं वर बोलावलं. पॅसेजच्या टोकाला लोखंडी ग्रिल होती, तिच्यात एक दार होतं आणि दाराला कुलूप होतं. ग्रिलच्या वरच्या कडेपासून स्लॅबपर्यंत पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवलेला होता. "खिडकी आत गेली की," एवढंच तो म्हणाला आणि कागदावर शेरा लिहू लागला.

ती ग्रिल मी रोज पाहत होतो. दिवाळीच्या आधी बसवली होती. सामान आणणारा टेंपो गेटवर आला तेव्हा मीच वॉचमनला सही करून दिली होती, कारण दुरुस्तीचं काही असेल असं वाटलं. नंतर दिसलं, पण बोललो नाही. ३०४ चे काका सज्जन, मेंटेनन्स कधी थकवलेलं नाही, गणपतीत सगळ्यांच्या आधी वर्गणी. शिवाय जागा पॅसेजच्या अगदी टोकाला आणि तिथे दार फक्त त्यांचंच. कुणाच्या वाटेत येतंय, असं मलाही वाटलं होतं.

सोसायट्यांमध्ये पॅसेज बंदिस्त होतो तो बहुतेक वेळा असाच. मधला पॅसेज कुणी अडवत नाही, अडवला तर त्याच दिवशी भांडण होतं. टोकाची जागा मात्र गुपचूप आत जाते. आधी चपलांचं कपाट, मग दोन कुंड्या, मग पायपुसणं, मग "भटकी कुत्री येतात" म्हणून जाळी आणि शेवटी कुलूप. ती कुणाच्याच वाटेत नाही हा समज इतका पक्का असतो की नोटीस हातात पडली की सभासदाला ती द्वेषातून आलीय असंच वाटतं. म्हणून नोटिशीनं आधी त्या समजाला उत्तर द्यायचं असतं. कायद्याचं कलम त्याच्यानंतर.

तर उत्तर काय? मी तपासणीवाल्याबरोबर टेप घेऊन उभा राहिलो आणि मापं घेतली. पॅसेज पाच फूट रुंद. ग्रिलपासून शेवटच्या भिंतीपर्यंत आठ फूट. म्हणजे चाळीस चौरस फूट जागा बंद झाली होती. या चाळीस चौरस फुटांत तीन गोष्टी होत्या: ३०४ चं दार, पाण्याच्या पाइपांच्या डक्टचं लहान लोखंडी दार आणि पॅसेजची एकमेव खिडकी.

खिडकीचं काम उजेडापुरतं नाही. आग लागली की धूर गरम असल्यानं आधी वर चढतो, छताखाली साचतो आणि साचत साचत खाली उतरतो. उभ्या माणसाच्या नाकाशी यायला त्याला फार वेळ लागत नाही. टोकाची उघडी खिडकी त्या धुराला बाहेर जायची वाट असते. ३०१ च्या स्वयंपाकघरात काही पेटलं, तर आता तो धूर स्लॅबपर्यंत बसवलेल्या पत्र्याला अडून बाकीच्या तिन्ही घरांच्या दारांसमोर कोंडणार. काकांनी पत्रा बसवला होता तो धूळ येऊ नये म्हणून. त्याचा हा अर्थ त्यांच्या मनातही आला नसेल.

दुसरं माप होतं ग्रिलच्या दाराचं. पाच फुटांच्या पॅसेजला आता अडीच फुटांचं एक दार उरलं होतं. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर साधारण दोन फूट रुंद असतं, त्यामुळे अडीच फुटांतून ते सरळ निघेल. पण ते सरळ येत नाही. सहा-साडेसहा फूट लांबीचं स्ट्रेचर फ्लॅटच्या दारातून आडवं बाहेर काढून पॅसेजमध्ये काटकोनात वळवावं लागतं, आणि तिथेच फूटभर खोलीचं चपलांचं कपाट उभं होतं. वळायला जागा उरली चार फूट, तीही दोन्ही बाजूंनी स्ट्रेचर धरलेल्या माणसांसकट. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढची आई आहे, त्यांनीच आपल्या दारासमोर हे करून ठेवलं होतं. आणि रात्री वीज गेल्यावर धुरातून बाहेर पडायचं, तर इतरांना एक कुलूप आणि या घराला दोन. ग्रिलचा पहिला धोका ग्रिलच्या आतल्या माणसांनाच होता. नोटिशीत हेच सांगायचं, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं.

कमिटीच्या बैठकीत चेअरमननी एक मसुदा आणला होता. चार ओळींचा. "आपण सोसायटीची सामाईक जागा बेकायदेशीररीत्या बळकावली असून ४८ तासांत अतिक्रमण दूर करावे, अन्यथा कायदेशीर व पोलीस कारवाई करण्यात येईल." चेअरमनना राग आला होता तो समजण्यासारखा होता. तरी हा कागद जाऊ नये म्हणून मी हटून बसलो. कारण नुसतं सौजन्य नव्हतं.

"बळकावली" या शब्दात हेतू येतो, आणि हेतू आपल्याला माहीत नसतो. असा कागद पुढे सहकार न्यायालयात गेला तर पहिला प्रश्न येतो की सभासदाला म्हणणं मांडायची संधी दिली होती का. निकाल आधीच लिहिलेला कागद त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. ४८ तासांत फॅब्रिकेटर मिळत नाही, म्हणजे मुदतही पाळण्यासाठी दिलेली नाही हे कुणालाही दिसतं. "पोलीस कारवाई" ही धमकी पोकळ असते, कारण सोसायटीतल्या अशा वादात पोलीस बहुतेक वेळा सहकार खात्याकडे किंवा महापालिकेकडेच बोट दाखवतात. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे "अतिक्रमण दूर करावे" यात नेमकं काय दूर करायचं ते नाही. सभासद कपाट हलवेल, ग्रिल ठेवेल आणि पत्र लिहील की आपल्या नोटिशीप्रमाणे कार्यवाही केली आहे. असं झालेलं मी दुसऱ्या एका सोसायटीत पाहिलं आहे. तिथे मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मसुदा बाजूला ठेवला आणि आधीची कामं केली. पहिलं काम नकाशा. महापालिकेनं मंजूर केलेला मजल्याचा नकाशा सोसायटीच्या फायलीत होता. नसेल तर महापालिकेकडे अर्ज करून प्रत मिळवता येते, आणि ती मिळेपर्यंत नोटीस थांबवलेली बरी. नकाशात तो आठ फुटांचा भाग "पॅसेज" म्हणून दाखवला होता, ३०४ च्या क्षेत्रफळात धरलेला नव्हता. हे पाहणं गरजेचं असतं, कारण काही इमारतींत दारासमोरचा चौकोन खरोखरच फ्लॅटच्या करारात गेलेला असतो आणि मग सगळी नोटीसच चुकते.

दुसरं काम आमचे स्वतःचे उपविधी वाचायचं. आदर्श उपविधी बाजारात पुस्तकाच्या रूपात मिळतात आणि सगळे त्यातला क्रमांक ठोकून देतात. पण बंधनकारक असतात ते आपल्या संस्थेनं स्वीकारलेले आणि निबंधकाकडे नोंदलेले उपविधी. २०१४ च्या आदर्श उपविधींत १६९ क्रमांकाचा उपविधी आहे. जिना, जिन्याचा मधला टप्पा, लिफ्ट, कॉरिडॉर, गच्ची, पार्किंग या जागा सगळ्या सभासदांच्या वापरासाठी आहेत, कुणाही एकाला स्वतःच्या वापरासाठी त्या देता येणार नाहीत, अतिक्रमण केलेल्यानं जागा मोकळी करावी आणि अतिक्रमण जितका काळ होतं तितक्या महिन्यांसाठी दरमहा मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम द्यावी, असा त्याचा आशय. आमच्या संस्थेनं हे उपविधी स्वीकारलेले होते. ज्यांचे उपविधी त्याहून जुने आहेत, त्यांनी आपल्या पुस्तिकेत काय आहे ते पाहूनच लिहावं. नाहीतर पाचपटीची मागणी पहिल्याच उत्तरात कोसळते.

तिसरं काम सगळ्यात अवघड गेलं. मी आणि खजिनदार सातव्या मजल्यापासून खाली उतरलो आणि प्रत्येक मजल्यावरच्या वस्तू लिहून काढल्या. पाचव्यावर सायकल आणि जुना फ्रिज. सहाव्यावर कुंड्यांचं स्टँड. दुसऱ्यावर माझ्याच दाराबाहेर चपलांचं कपाट, अकरा वर्षं तिथेच. एकालाच नोटीस गेली तर ती नोटीस राहत नाही, तो सूड होतो, आणि समोरचा तसंच म्हणतो. म्हणून त्या रविवारी माझं कपाट मी घरात घेतलं, आणि हलवण्यासारख्या वस्तूंबद्दल सगळ्या अठ्ठावीस घरांना एकच साधं विनंतीपत्र गेलं. ३०४ चं प्रकरण वेगळं ठेवलं, कारण तिथे भिंतीत आणि फरशीत बोल्ट ठोकलेले होते.

मग कमिटीत ठराव झाला. सेक्रेटरीनं मनानं पाठवलेली नोटीस आणि ठरावानं पाठवलेली नोटीस यांत फरक असतो. पहिलीला "तुमचं माझं वैयक्तिक आहे" असं म्हणता येतं. ठरावाचा क्रमांक घालून, लेटरहेडवर, शेअर सर्टिफिकेटवर ज्यांचं पहिलं नाव आहे त्यांच्या नावानं आणि सहसभासद म्हणून पत्नीचं नाव होतं म्हणून त्यांनाही, असा हा कागद गेला. भाडेकरू राहत असता तरी नोटीस सभासदालाच गेली असती, भाडेकरूला फक्त प्रत. कागद असा होता:

"दिनांक ५ मार्च

प्रति, सभासद, सदनिका क्र. ३०४

विषय : तिसऱ्या मजल्यावरील सामाईक पॅसेजचा बंदिस्त केलेला भाग मोकळा करण्याबाबत

स. न. वि. वि.

आपल्या सदनिकेसमोर पॅसेजच्या पूर्व टोकाला लोखंडी ग्रिल बसवून सुमारे ५ फूट × ८ फूट जागा बंदिस्त केलेली आहे. मंजूर नकाशात ही जागा सामाईक पॅसेज म्हणून दाखवलेली आहे. नकाशाची प्रत व १ मार्च रोजी घेतलेली दोन छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

या भागात पॅसेजची एकमेव खिडकी व पाण्याच्या डक्टचे दार आहे. आग लागल्यास धूर बाहेर जाण्यास ही खिडकी मोकळी असणे आवश्यक आहे. ग्रिलचे दार अडीच फुटांचे असल्याने आपल्या घरातून स्ट्रेचर बाहेर काढणेही अवघड होईल. जानेवारीतील अग्निशमन तपासणीच्या अहवालात याची नोंद झाली आहे.

संस्थेच्या उपविधी क्र. १६९ नुसार ही जागा कोणाही एका सभासदास स्वतःच्या वापरासाठी देता येत नाही. त्याच उपविधीत आकारणीची तरतूद आहे. तो विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवताना आपण केलेल्या सहकार्याची नोंद समिती अवश्य करील.

तरी व्यवस्थापक समितीच्या ठराव क्र. ४ नुसार आपणास विनंती की, ग्रिल, तिची चौकट, वरील पारदर्शक पत्रा व आतील कपाट ४ एप्रिलपर्यंत काढून घ्यावे आणि भिंत व फरशीतील बोल्टची भोके बुजवून द्यावीत. कामासाठी लिफ्ट व गेटची सोय संस्था करील.

ही जागा आपल्या करारात समाविष्ट आहे असे दाखवणारा कागद, किंवा पूर्वी दिलेली लेखी परवानगी आपल्याकडे असल्यास १५ मार्चपर्यंत आम्हांस दाखवावी. ग्रिल बसवण्यामागे आपली काही अडचण असल्यास तीही कळवावी. समिती आपणास प्रत्यक्ष भेटण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
सचिव, व्यवस्थापक समितीकरिता"

यातली दोन-तीन वाक्यं फार विचारानं लिहिली होती. "अतिक्रमण" हा शब्द पूर्ण कागदात नाही. उपविधीत तो आहे, पण तो सभेनं किंवा न्यायालयानं वापरावा. आमचा कागद फक्त काय आहे, किती आहे आणि नकाशात काय आहे एवढंच सांगतो. महिनाभराची मुदत दिली, कारण त्यात उत्तर, भेट आणि काम हे तिन्ही बसतं. आकारणीच्या ओळीवर कमिटीत बराच वेळ बोलणं झालं. आमचं मेंटेनन्स २,४०० रुपये. पाचपट म्हणजे महिन्याला १२,००० आणि पाच महिन्यांचे ६०,००० होतात. आकडा लिहावा असं एकाचं मत, मुदतीत काढलं तर माफ करू असं लिहावं असं दुसऱ्याचं. आकडा लिहिला असता तर वाचणाऱ्याला धूर, खिडकी, आई काहीच दिसलं नसतं, फक्त साठ हजार दिसले असते. आणि माफीचं वचन द्यायचा अधिकार कमिटीला नाही. उपविधीतली तरतूद कमिटी आपल्या मर्जीनं पुसू शकत नाही. म्हणून तरतूद आहे हे लपवलं नाही आणि तिचा सौदाही केला नाही.

नोटीस मी स्वतः नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. काकांनी दारातच वाचली, चेहरा उतरला, पण सही केली. सही नाकारली असती तर स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवली असती. ग्रुपवर मात्र टाकली नाही. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "हे कुणाचं आहे?" असं विचारणं म्हणजे समोरच्याला माघार घ्यायची वाटच बंद करणं. चारचौघांत दुखावलेला माणूस मग ग्रिलसाठी नाही, मानासाठी लढतो.

नवव्या दिवशी उत्तर आलं, दोन पानी, सुवाच्य अक्षरात. मुद्दे तीनच होते. ही जागा बिल्डरनं फ्लॅट घेतानाच "तुमचीच समजा" म्हणून दिली होती. टोकाला असल्यानं कुणाचीही वाट अडत नाही. आणि रात्री आई उठून दार उघडते आणि जिन्याकडे जाते, डॉक्टरांनी विस्मरणाचा आजार सांगितला आहे, एकदा ती पहिल्या मजल्यापर्यंत उतरली होती, म्हणून कुलूप लावलं.

तिसरा मुद्दा वाचून मी कागद खाली ठेवला. चेअरमनांच्या चार ओळी गेल्या असत्या तर हे वाक्य कुणी लिहिलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच त्यांच्या घरी गेलो. बिल्डरच्या मुद्द्याला उत्तर सरळ होतं. बिल्डरला सामाईक जागा विकता किंवा वाटता येत नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईतल्या प्रकरणात हेच सांगितलं होतं. तिथे वाद स्टिल्टखालच्या पार्किंगचा होता. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली ती जागा सामाईक आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही, असा निकाल झाला. पॅसेज तर त्याहूनही उघडपणे सामाईक. काकांच्या करारात त्या जागेचा उल्लेख नव्हता, तोंडी शब्द होता. काकांनी ते मान्य केलं. खरं तर त्यांनाही ते ठाऊक होतं असं वाटलं.

ते म्हणाले, कमिटीनंच परवानगी द्या, महिना भाडं देतो. चांगल्या मनानं विचारलं होतं. पण हेही होण्यासारखं नव्हतं. कमिटीला ती जागा द्यायचा अधिकार नाही आणि सर्वसाधारण सभेनं हात वर करून मंजूर केलं तरी मंजूर नकाशा बदलत नाही, तो महापालिकेच्या हातात आहे. आगीच्या तपासणीवाल्याला तर ठरावाशी काही देणंघेणं नसतं. पूर्वीच्या कुठल्या कमिटीनं लेखी परवानगी दिली असेल तरी तिची किंमत एवढीच की सभासद प्रामाणिक होता हे कळतं. जागा तिच्यामुळे त्याची होत नाही.

मग आईचा प्रश्न. आजी खुर्चीत बसून होत्या, आम्ही आलो म्हणून चहा ठेवा म्हणत होत्या. मी फ्लॅटचं दार नीट पाहिलं. चौकटीच्या आत, लाकडी दाराच्या पुढे दुसरा जाळीचा दरवाजा बसेल एवढी जागा होती. तो घराच्या चौकटीत बसतो, पॅसेज घेत नाही, उघडताना आत उघडेल असा करता येतो. त्याला बाहेरून कुलूप नाही, आतून उंचावर कडी, जी आजींचा हात सहसा पोहोचत नाही पण घरातल्या इतरांना अंधारातही चाचपून सापडते. शिवाय दार उघडलं की वाजणारा बॅटरीचा छोटा अलार्म, दाराला चिकटवायचा. तिसऱ्या मजल्याच्या लिफ्टसमोर कॅमेरा होताच. रात्रपाळीच्या वॉचमनला आजींबद्दल सांगून ठेवायचं ठरलं. जी गोष्ट ग्रिलनं आठ फूट बाहेर साधली होती, ती दाराच्या चौकटीतच साधत होती. काकांनी विचारलं, मग हे नोटिशीत का नाही लिहिलं? मी म्हटलं, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

सगळीकडे असं होईल असं नाही. सभासद उत्तरच देत नाही, किंवा उत्तरादाखल वकिलाची नोटीस येते. तेव्हा आठवण म्हणून दुसरं पत्र, पहिल्याचा संदर्भ आणि तारीख घालून, पुन्हा त्याच भाषेत. त्यानंतरही काही झालं नाही तर वाटा ठरलेल्या आहेत. मंजूर नकाशाविरुद्धच्या बांधकामाची तक्रार महापालिकेकडे जाते. आगीच्या अडथळ्याची तक्रार अग्निशमन दलाकडे. सभासद आणि संस्था यांच्यातला वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. या प्रत्येक ठिकाणी पहिला कागद मागतात तो हाच, पोच घेतलेला, मापांसह, नकाशासह. करू नये अशा दोन गोष्टी मात्र रागाच्या भरात बऱ्याच कमिट्या करतात. एक, पाणी बंद करणं. दुसरी, स्वतः गॅस कटर लावून ग्रिल काढणं. दोन्हींत बरोबर असलेली संस्था एका दिवसात आरोपी होते, आणि मूळ ग्रिलचा विषय बाजूलाच पडतो.

आमची ग्रिल २७ मार्चला निघाली, मुदतीच्या आठवडाभर आधी. फॅब्रिकेटरनं बोल्ट कापले, पत्रा काढला. पत्रा निघाला तसा पॅसेजमध्ये वारा शिरला आणि ३०२ मधल्या मुलीनं दार उघडून पाहिलं. फरशीत चार भोकं राहिली होती, ती काकांनी पांढऱ्या सिमेंटनं स्वतः भरली. नीट पाहिलं तर आजही दिसतात. डक्टचं दार उघडलं तेव्हा आत पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. २०४ च्या छताला महिनाभर ओल का येत होती, ते त्या दिवशी कळलं. प्लंबर दोनदा येऊन गेला होता, पण ग्रिलला कुलूप असल्यानं डक्टपर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि आम्हाला कुणालाच ते जोडून पाहायचं सुचलं नव्हतं.

नंतर मी दुसरं पत्र लिहिलं, जे बहुतेक संस्था लिहीतच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरील सामाईक जागा २७ मार्च रोजी पूर्ण मोकळी झाल्याचे समितीने प्रत्यक्ष पाहिले आहे, दि. ५ मार्चच्या पत्रातील विनंतीची पूर्तता झाली आहे, आपल्या सहकार्याबद्दल समिती आभारी आहे. त्याची एक प्रत फायलीत, एक तपासणीच्या एजन्सीला. आकारणीचा विषय वार्षिक सभेत येईल, तेव्हा नोटिशीबरोबर हे पत्रही सभेपुढे ठेवलं जाईल. काकांनी ते पत्र घेतलं आणि या वेळी पोच मागायच्या आधीच खिशातून पेन काढलं.